चार पात्रे, एक खोली: फ्लोअर प्लॅनपासून ॲनिमॅटिकपर्यंत

प्रश्न: माझ्या लघुपटात एकाच खोलीत घडणारा साडेतीन मिनिटांचा प्रसंग आहे. आई, थोरला मुलगा, धाकटी मुलगी आणि मृत्युपत्र घेऊन आलेला वकील अशी चार पात्रे आहेत. मृत्युपत्र वाचून झाल्यावर धाकटी उठून खिडकीपाशी जाते आणि थोरला तिच्याशी वाद घालायला पुढे येतो. खोली पाच मीटर बाय चार मीटर, मध्यभागी टेबल. मागच्या वेळी असा प्रसंग केला तेव्हा संकलनात नजरा जुळल्या नाहीत. मला चित्रे काढता येत नाहीत. फ्लोअर प्लॅन, ब्लॉकिंगची आकृती आणि साधे ॲनिमॅटिक करून तयारी नेमकी कशी करावी?

उत्तर:

चित्रकला येत नाही याची काळजी सोडा, कारण या कामात मोजपट्टी, कात्री आणि चार बटणे यांवर सत्तर टक्के भागते. फ्लोअर प्लॅनवरून काय कुठे मावते ते कळते, ब्लॉकिंगच्या, म्हणजे पात्रांच्या जागा आणि हालचालींच्या, आकृतीवरून कोण कोणाकडे कुठल्या बाजूला पाहतो ते कळते, आणि ॲनिमॅटिकवरून, म्हणजे संवादांच्या आवाजावर स्थिर चित्रे क्रमाने लावून केलेल्या कच्च्या चित्रफितीवरून, किती वेळ लागतो ते कळते. बहुतेक जण उत्साहाच्या भरात स्टोरीबोर्डपासून सुरुवात करतात आणि अशा चौकटी काढतात की ज्यांच्यासाठी लागणारी कॅमेऱ्याची जागा खोलीत अस्तित्वातच नसते. म्हणून आधी प्लॅन. तुमचाच प्रसंग धरून क्रमाने जाऊ.

खोली स्वतः मोजा आणि आलेख कागदावर १:२५ या प्रमाणात काढा. म्हणजे खोलीतला एक मीटर कागदावर चार सेंटिमीटर. तुमची खोली २० सेंमी बाय १६ सेंमी होईल आणि ए-४ कागदावर नीट बसेल. १:५० मध्ये हीच खोली निम्मी होते आणि माणसांसाठी ठेवलेली बटणे एकमेकांवर चढू लागतात, त्यामुळे एका खोलीतल्या प्रसंगासाठी मी ते प्रमाण वापरत नाही. भिंती, खिडकीची रुंदी आणि जमिनीपासूनची उंची, कपाटे, आणि दाराचे पान कोणत्या बाजूला व किती उघडते, हे सगळे कागदावर आले पाहिजे. दाराचे पान पाव वर्तुळाच्या कमानीने दाखवतात. ती कमान काढायला विसरू नका, तिचा उपयोग लगेच पुढे येईल. एका चित्रीकरणाच्या वेळी मी दुसऱ्याने पाठवलेल्या मापांवर विसंबून प्लॅन काढला होता. मापे भिंतीपासून भिंतीपर्यंतची होती, पण एका भिंतीला पाऊण हात खोल कपाट होते ते कोणी मोजलेच नव्हते. कागदावर ठरवलेल्या कॅमेऱ्याच्या दोन जागा त्या कपाटाच्या पोटात होत्या. त्या दिवसापासून पट्टी मी स्वतः धरतो.

तुमच्या प्रश्नात टेबलाचे माप नाही, म्हणून मी ते १.८ मीटर बाय ०.९ मीटर धरतो. कागद असा धरा की दार डाव्या आखूड भिंतीच्या मध्यभागी आणि खिडकी वरच्या लांब भिंतीला येईल. टेबलाची लांबी डावीउजवीकडे. टेबल, खुर्च्या आणि माणसे कागदावर थेट काढू नका. त्याच प्रमाणात जाड कागदाचे तुकडे कापून ते सरकवत राहा. माणसांसाठी बटणे चालतात, पण प्रत्येक बटणावर नाकाची एक छोटी रेघ मारून ठेवा, म्हणजे तोंड कोणीकडे आहे ते दिसते.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. कागदावर कॅमेरा हा ठिपका असतो, खोलीत तो ठिपका नसतो. पाय फाकवलेल्या ट्रायपॉडला साधारण एक मीटर व्यासाची जागा लागते, आणि कॅमेऱ्याच्या मागे माणूस उभा राहायचा असेल तर लेन्सच्या टोकापासून त्याच्या पाठीपर्यंत सव्वा ते दीड मीटर जातात. म्हणून कॅमेऱ्याचाही तुकडा कापा: चार सेंमी रुंद, सुमारे साडेपाच सेंमी लांब. हा तुकडा ज्या जागी भिंतीत घुसतो किंवा खुर्चीवर चढतो, त्या जागेवरून तुम्हाला शॉट मिळणार नाही, निदान नेहमीच्या पद्धतीने नाही.

लेन्ससाठीही असेच कागदी त्रिकोण करतात. चौकटीत मावणारी रुंदी म्हणजे अंतर गुणिले सेन्सरची रुंदी, भागिले फोकल लांबी. सुपर ३५ प्रकारच्या सेन्सरची रुंदी जवळपास २५ मिमी असते, त्यामुळे हिशेब फार सोपा होतो: २५ मिमीच्या लेन्सने जितके अंतर तितकी रुंदी दिसते, आणि ५० मिमीच्या लेन्सने अंतराच्या निम्मी. त्यानुसार १० सेंमी उंचीचे दोन समद्विभुज त्रिकोण कापा, एकाचा पाया १० सेंमी, दुसऱ्याचा ५ सेंमी. पहिल्याचा शिरोकोन सुमारे ५३ अंश येतो, दुसऱ्याचा सुमारे २८. पारदर्शक प्लास्टिकचे कापलेत तर खालचे बटण दिसत राहते. तुमचा कॅमेरा फुल फ्रेम, म्हणजे ३६ मिमी रुंद सेन्सरचा असेल, तर पाया अनुक्रमे १४.४ आणि ७.२ सेंमी धरा. त्रिकोणाचे टोक लेन्सच्या जागी ठेवले की त्याच्या दोन बाजूंच्या आत जे बटण येते ते चौकटीत असते, बाहेरचे नसते.

आता पात्रे बसवू. मनात सहज येणारी मांडणी अशी: आई टेबलाच्या उजव्या टोकाला, दाराकडे तोंड करून, धाकटी वरच्या बाजूला, खिडकीकडे पाठ करून, थोरला तिच्यासमोर खालच्या बाजूला, आणि वकील आत येऊन डाव्या टोकाशी उभा. टेबल मध्यभागी असल्यामुळे त्याच्या दोन्ही लांब बाजूंना भिंतीपर्यंत प्रत्येकी १.५५ मीटर उरतात. माणूस बसलेल्या खुर्चीला साधारण पाऊण मीटर जातो, मागे राहतात ८० सेंमी. कॅमेऱ्याचा तुकडा तिथे ठेवून पाहा. बसत नाही. म्हणजे या मांडणीत खिडकीच्या बाजूनेही कॅमेरा नाही आणि समोरच्या बाजूनेही नाही.

इथे टेबल एका भिंतीकडे सरकवण्याचा मोह होतो. त्याने एका बाजूला थोडी जागा मिळते आणि दुसऱ्या बाजूला धाकटीला खुर्ची मागे सारून उठायलाही जागा उरत नाही. माझ्या मते इथे माणसे हलवावीत. थोरल्याला खालच्या खुर्चीवरून उठवा आणि आईच्या खुर्चीमागे, किंचित खिडकीच्या बाजूला, उभा करा. टेबलाची खालची बाजू पूर्ण मोकळी होते आणि तिथे दीड मीटरहून अधिक पट्टा मिळतो. शिवाय आईच्या पाठीशी उभा असलेला थोरला आणि टेबलापाशी एकटी बसलेली धाकटी, हे घरातले पारडे कोणत्या बाजूला झुकले आहे ते एकही वाक्य न बोलता सांगते. प्लॅन हा दिग्दर्शनाचाच भाग आहे असे मी नेहमी म्हणतो ते यामुळे. जागेची अडचण सोडवताना प्रसंगाचा अर्थ सापडतो, मात्र त्यासाठी ती अडचण चित्रीकरणाच्या दिवशी न सापडता आधी सापडायला हवी.

मास्टर शॉट, म्हणजे सगळी पात्रे एकत्र दाखवणारा मुख्य शॉट, कुठून? समोरून, खालच्या भिंतीला कॅमेरा अगदी टेकवून ठेवला तरी लेन्सपासून टेबलाच्या मध्यरेषेपर्यंत १.४ मीटर अंतर मिळते, म्हणजे २५ मिमीने १.४ मीटर रुंदी. वकील आणि आई यांच्यात २.६ मीटर अंतर आहे. नाही जमत. याहून वाइड लेन्स लावली तर जमेल, पण कडेची माणसे ताणलेली दिसतील आणि खोली गोदामासारखी वाटेल. म्हणून त्रिकोण खालच्या डाव्या कोपऱ्यात, दोन्ही भिंतींपासून ६० सेंमीवर, तिरपा ठेवा. इथून २५ मिमीच्या त्रिकोणात चारही बटणे येतात: डावीकडे जवळ वकील, मग धाकटी, मग मागे थोरला, आणि उजवीकडे आई. वकिलाचा बाहेरचा खांदा चौकटीच्या कडेवर थोडा कापला जातो, ते मला आवडते, कारण त्यामुळे चित्राला खोलपणा येतो. कॅमेरा कोपऱ्यात गेल्यामुळे त्याच्यामागे उभे राहायला जागा नाही. हा शॉट स्थिर ठेवा आणि कॅमेरामनला बाजूला उभे राहून छोट्या मॉनिटरवर पाहू द्या.

आता ती दाराची कमान पाहा. दाराची बिजागरी खालच्या बाजूला असेल तर उघडलेले पान बरोबर कॅमेरा आणि आत येणारा वकील यांच्यामध्ये उभे राहते, आणि त्याचा प्रवेश निम्मा झाल्यावरच तो दिसतो. बिजागरी वरच्या बाजूला असेल तर काही अडचण नाही. ही गोष्ट खोलीच्या छायाचित्रात डोळ्यांसमोर असूनही लक्षात येत नाही, कागदावर मात्र ती लपत नाही. बिजागरी चुकीच्या बाजूला निघाली तर दार आधीच उघडे ठेवा आणि वकिलाला उंबऱ्यात उभा असतानाच पहिल्यांदा दाखवा.

आता ब्लॉकिंगची आकृती. फ्लोअर प्लॅनच्या तीन-चार प्रती काढा आणि प्रसंगाचे जितके टप्पे तितके कागद करा. सगळ्या हालचाली एकाच कागदावर काढल्या की बाणांचे जाळे होते आणि ते काढणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी वाचता येत नाही. तुमच्या प्रसंगाचे टप्पे तीन आहेत: वकील येतो व वाचतो, धाकटी उठते, थोरला तिच्याकडे जातो. प्रत्येक पात्राची जागा अक्षर आणि आकड्याने लिहा, जसे आ१, थो१, धा१, व१, आणि जागा बदलली की धा२, थो२. हालचालीचा बाण ज्या संवादावर सुरू होतो त्या संवादाचे पहिले दोन शब्द बाणाशेजारी लिहा. या दोन शब्दांवर सहायक दिग्दर्शकापासून लेन्सचा फोकस सांभाळणाऱ्या फोकस पुलरपर्यंत सगळे एकाच क्षणी सावध होतात.

तुमची मूळ तक्रार नजरांची आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. पहिल्या टप्प्यात मुख्य ताण वकील आणि आई यांच्यात आहे. त्या दोघांना जोडणारी रेषा काढा: ती टेबलाच्या लांबीवरून जाते. आपला मास्टर या रेषेच्या खालच्या बाजूला आहे, म्हणून बाकीचे सगळे कॅमेरेही खालच्या बाजूलाच राहिले पाहिजेत. मग वकील नेहमी पडद्याच्या डावीकडून उजवीकडे पाहील आणि आई उजवीकडून डावीकडे. आईच्या क्लोजअपसाठी कॅमेरा टेबलाच्या खालच्या कडेजवळ, दाराच्या बाजूला ठेवा, लेन्सपासून आईपर्यंत जवळपास दोन मीटर. ५० मिमीने एक मीटर रुंदीची चौकट मिळते, म्हणजे डोके ते छाती. वकिलाच्या क्लोजअपसाठी हीच जागा आरशातल्यासारखी उलटी: त्याच कडेजवळ पण आईच्या बाजूला, तेच अंतर, तीच लेन्स. दोन्हींतले अंतर आणि लेन्स सारखी ठेवली की एकामागून एक जोडताना एक चेहरा मोठा आणि दुसरा लहान असे होत नाही. ट्रायपॉडचा एक पाय टेबलाखाली जाईल, त्याची सोय पाहून ठेवा.

खरी गोची धाकटीची आहे. ती रेषेच्या वरच्या बाजूला, दोघांच्या मधोमध बसली आहे. तिच्या क्लोजअपमध्ये ती वकिलाकडे पाहताना डावीकडे पाहते आणि आईकडे पाहताना उजवीकडे. कॅमेऱ्याकडे तोंड करून नीट बसलेली असूनही अशा पात्राच्या नजरा सर्वाधिक चुकतात, कारण तिचा क्लोजअप बहुधा शेवटी, समोरची पात्रे जेवायला गेलेली असताना घेतला जातो आणि कोणीतरी कॅमेऱ्याशेजारी उभे राहून दोघांचेही संवाद वाचते. मग ती दोन्ही वाक्यांना एकाच बाजूला पाहते. यावर उपाय आकृतीतच आहे. प्रत्येक शॉटच्या पुढे, प्रत्येक संवादासाठी, पाहणाऱ्याची नजर ‘डा’ की ‘उ’ ते लिहा. माझ्या कागदावर धाकटीच्या ओळीत तिच्या प्रत्येक वाक्याखाली असे एक अक्षर असते, आणि टेक सुरू होण्यापूर्वी सहायक ते मोठ्याने सांगतो. मागच्या वेळी तुमच्या नजरा कुठे चुकल्या ते मी पाहिलेले नाही, पण तुमचे जुने फुटेज काढून मधल्या पात्रापासून तपासायला सुरुवात करा.

दुसऱ्या टप्प्यात धाकटी उठते आणि खिडकीशी, धा२ वर जाते. खिडकीच्या कोणत्या भागाशी ते आपल्याला हवे तसे ठरवता येते. ती खिडकी सोडून पार डाव्या कोपऱ्याकडे गेली तर मास्टरच्या त्रिकोणाबाहेर पडते, म्हणून तिची खूण तिच्या खुर्चीच्या किंचित डावीकडे, खिडकीपासून हातभर अंतरावर ठेवू. तिची मागे सरकलेली खुर्चीही आकृतीत नव्या जागी काढा. ती खुर्ची पुढच्या टप्प्यात वाटेत येणार आहे.

तिसरा टप्पा हा या प्रसंगाचा गाभा. थोरला कोणत्या वाटेने जाईल? एक वाट टेबलाच्या खालून, म्हणजे मोकळ्या बाजूने, जिथून तो टेबलापलीकडच्या धाकटीसमोर येऊन उभा राहील. पटकथा वाचताना ही वाट नाट्यमय वाटते. बटण सरकवून पाहा. तो बरोबर त्या जागी येऊन थांबतो जिथे आईच्या क्लोजअपचा कॅमेरा आहे. कोपऱ्यातल्या मास्टरमधून तो चौकटीच्या उजव्या कडेवर अर्धा बाहेर जातो आणि जवळ आल्यामुळे आईला झाकतो. शिवाय आता त्याला आणि धाकटीला जोडणारी रेषा खोलीत उभी होते. दाराच्या बाजूने पाहिले तर धाकटी डावीकडे आणि थोरला उजवीकडे दिसतो, आईच्या बाजूने पाहिले तर उलट. वकिलाचा क्लोजअप आईच्या बाजूनेच घेतला आहे. त्याच जागेवरून सोय म्हणून कोणी थोरल्याचा किंवा धाकटीचा शॉट घेतला की दोघेही एकाच दिशेला पाहू लागतील. हा दोष सेटवर कोणालाही जाणवत नाही. प्रत्येक शॉट एकटा पाहिला तर निर्दोष असतो, दोन शॉट जोडले की दिसतो.

दुसरी वाट टेबलाच्या वरच्या बाजूने, खिडकीच्या पट्ट्यातून. तो आईमागून निघतो आणि धाकटीच्या रिकाम्या खुर्चीशी येऊन थांबतो. हे थो२. इथून नवी रेषा खिडकीला जवळपास समांतर राहते, आपला कोपरा अजूनही तिच्या खालच्याच बाजूला आहे, आणि धाकटी डावीकडे, थोरला उजवीकडे हा आधीचाच क्रम टिकतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कोपऱ्यातला कॅमेरा न हलवता फक्त लेन्स बदलून ५० मिमी लावली, की त्या २८ अंशांच्या त्रिकोणात दोघेही नीट बसतात. एका जागेवरून मास्टरही मिळाला आणि वादाचा टू-शॉटही.

पण त्रिकोण ठेवून पुन्हा पाहा, कारण माझीही इथे एकदा फसगत झाली होती. वकिलाचे बटण अजून व१ वर, टेबलाच्या डाव्या टोकाशी आहे. कोपऱ्यातून धाकटीकडे पट्टी लावली तर ती वकिलाच्या अंगावरून जाते. म्हणजे वादाच्या सगळ्यात महत्त्वाच्या शॉटमध्ये धाकटीच्या जागी वकिलाची पाठ दिसेल. उपाय दोन आहेत. वकिलाला वाचून झाल्यावर बसवायचे आणि कॅमेरा दीड मीटर उंचीवर ठेवून त्याच्या डोक्यावरून पाहायचे, पण मग चौकटीच्या तळाशी त्याचे केस डोकावण्याचा धोका राहतो. दुसरा उपाय मला अधिक पसंत आहे: कागद टेबलावर ठेवला की वकील दोन पावले मागे, दाराच्या चौकटीशी जातो. हे व२. परक्या माणसाने घरातल्या भांडणापासून मागे सरकणे अगदी स्वाभाविक आहे, आणि आपली दृष्टिरेषा मोकळी होते. त्याची ही दोन पावले धाकटी उठण्याआधी झाली पाहिजेत, म्हणून त्याचा बाण पहिल्या टप्प्याच्या कागदावर काढा, दुसऱ्या नव्हे.

एवढे झाल्यावर शॉटची यादी आपोआप तयार होते. मास्टर, आईचा क्लोजअप, वकिलाचा क्लोजअप, धाकटीचा टेबलाशी क्लोजअप, मृत्युपत्राच्या कागदाचा इन्सर्ट, म्हणजे अगदी जवळून घेतलेला शॉट, वादाचा टू-शॉट, आणि वादात आईचा एक शांत शॉट. सात शॉट, पण कॅमेऱ्याच्या जागा चारच: कोपरा, टेबलाच्या कडेच्या दोन, आणि धाकटीसमोरची एक. इन्सर्ट त्याच जागांपैकी एकीवरून निघतो. चित्रीकरण जागांच्या क्रमाने करायचे असले तरी यादी कथेच्या क्रमानेच लिहा, कारण ॲनिमॅटिक त्याच क्रमाने होणार आहे.

ॲनिमॅटिकची सुरुवात चित्रांपासून करू नका, आवाजापासून करा. दोघा-तिघांना बसवून सगळे संवाद फोनवर ध्वनिमुद्रित करा, आणि त्यांना नुसते वाचू देऊ नका, खरोखर एकमेकांशी बोलू द्या, जिथे थांबायचे तिथे थांबू द्या. हा ट्रॅक कोणत्याही संकलन सॉफ्टवेअरमध्ये टाका, चित्रपट ज्या फ्रेमरेटवर करणार त्याच फ्रेमरेटवर, मग तो २४ असो वा २५. आता त्यावर चित्रे ठेवायची.

चित्रे काढता येत नाहीत म्हणून छायाचित्रे वापरा. जाड कागदाच्या घड्या घालून साडेसहा सेंमी उंचीच्या बाहुल्या करा. १:२५ मध्ये तो साधारण पाच फूट चार इंच उंचीचा माणूस होतो. बसलेल्या पात्रांसाठी साडेपाच सेंमीच्या करा, खुर्चीसह. त्यांना प्लॅनवर उभ्या करून फोन कॅमेऱ्याच्या जागी धरा आणि छायाचित्र काढा. फोनची लेन्स बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला, म्हणजे कागदापासून सुमारे पाच सेंमीवर असावी. फोन उलटा धरला की लेन्स कागदाच्या जवळ येते. फोनची मुख्य लेन्स बरीच वाइड असते. फुल फ्रेमच्या हिशेबात ती साधारण २६ मिमीच्या आसपास धरली, तर आपल्या २५ मिमीच्या शॉटसाठी छायाचित्राची सुमारे ७० टक्के रुंदी ठेवून बाकीची कापा, आणि ५० मिमीच्या शॉटसाठी मधली एक तृतीयांशाहून थोडी अधिक रुंदी ठेवा. अचूकता यात नाही, पण कोण पुढे, कोण मागे आणि कोण कोणाला झाकतो हे बरोबर येते. प्रत्येक बाहुलीला नाकाची घडी घाला. नजरेची दिशा तिथे लगेच दिसते.

थोरल्याच्या चालण्यासाठी तीन छायाचित्रे पुरतात: निघताना, मध्ये, पोहोचल्यावर. ती एकमेकांत हळूहळू विरघळवण्याची गरज नाही, थेट कट करा. यापेक्षा जास्त हालचालीच्या मागे लागलात तर आठवडा बाहुल्यांत जाईल आणि प्रसंगाबद्दल नवीन काही कळणार नाही.

या टप्प्यावर तुमच्या प्रसंगात काय सापडेल त्याचा एक नमुना देतो. थो१ ते थो२ हे अंतर प्लॅनवर मोजले तर दीड मीटरपेक्षा किंचित कमी भरते. खोलीत माणूस संथ चालला तरी सेकंदाला सुमारे एक मीटर जातो, म्हणजे ही चाल दीड-दोन सेकंदांची. त्याचे वाक्य समजा सहा सेकंदांचे आहे. कागदावर ‘बोलत बोलत पुढे येतो’ असे लिहिले की सगळे ठीक वाटते, पण ॲनिमॅटिकमध्ये तो दोन सेकंदांत पोहोचतो आणि उरलेली चार सेकंदे बहिणीच्या अंगावर उभा राहून बोलतो. त्या चार सेकंदांत प्रसंगातला ताण वाढण्याऐवजी पडतो, कारण जवळ येण्याची धमकी आधीच संपलेली असते. इथे ती मागे सरकलेली खुर्ची कामी येते. तो पहिल्या शब्दांवर निघतो, खुर्चीशी थांबतो, बोलता बोलता ती सावकाश टेबलाखाली सारतो, आणि शेवटच्या दोन शब्दांवर उरलेले एक पाऊल टाकतो. ट्रॅकवर ती खुर्ची सारण्याचे एक छायाचित्र टाका आणि पुन्हा ऐका. मग ब्लॉकिंगच्या कागदावर परत जाऊन थो२ च्या आधी एक थांबा दाखवा आणि खुर्चीची अंतिम जागाही दुरुस्त करा, नाहीतर मास्टरमध्ये खुर्ची आत आणि टू-शॉटमध्ये बाहेर असे होईल. ॲनिमॅटिकमधून पुन्हा प्लॅनकडे जाणे हाच या कामाचा मुख्य फायदा आहे. ज्याचे ॲनिमॅटिक पहिल्याच फटक्यात पसंत पडते त्याने ते नीट पाहिलेले नसते.

ॲनिमॅटिकवर एका बाबतीत मात्र विश्वास ठेवू नका. स्थिर चित्र पडद्यावर असले की वेळ लांबल्यासारखा वाटतो. पाहता पाहता हात शिवशिवतात आणि माणूस विराम कापत जातो. मृत्युपत्र वाचून झाल्यावर आईच्या चेहऱ्यावरचा चार सेकंदांचा शांत शॉट कागदी बाहुलीवर असह्य वाटेल, पण खऱ्या अभिनेत्रीच्या चेहऱ्यावर तो कदाचित कमी पडेल. म्हणून विरामांची लांबी ध्वनिमुद्रणात बोलणाऱ्यांनी जशी घेतली तशीच ठेवा, आणि ॲनिमॅटिकमध्ये फक्त हालचाल व संवाद यांचा मेळ, शॉटचा क्रम आणि एखाद्या शॉटची खरोखर गरज आहे की नाही एवढेच तपासा. प्रकाश, अभिनय आणि फोकस यांबद्दलही ते तुम्हाला काहीच सांगणार नाही. खिडकी मागे असलेली धाकटी धा२ वर काळी छाया होऊन उभी राहील का, हे चित्रीकरणाच्या वेळेला खोलीत जाऊनच पाहावे लागेल, आणि ते छायालेखकाबरोबर पाहा.

चित्रीकरणापूर्वी एक दिवस, खोली मिळत नसेल तर दुसऱ्या कोणत्याही मोकळ्या जागेत, जमिनीवर रंगीत टेपने खोली पूर्ण मापात आखा आणि कलाकारांना चालवून पाहा. कलाकार तुमच्या खुणा मोडतील, विशेषतः धाकटी. कोणीही चिडून उठलेला माणूस ठरलेल्या जागी अचूक थांबत नाही. तिला अडवू नका. ती कुठे थांबते ते पाहा, तिथे पट्टी लावा, आणि कोपऱ्यातून ती अजून मोकळी दिसते का एवढे तपासा. दिसत असेल तर धा२ पुसून नवी खूण लाल पेन्सिलने करा, त्या एका शॉटचे छायाचित्र नव्याने काढून ॲनिमॅटिकमध्ये बदला, आणि बदललेल्या कागदावर तारीख घालून जुन्या सगळ्या प्रती परत गोळा करा. सेटवर एकाच प्रसंगाचे दोन वेगवेगळे प्लॅन फिरत राहिले, तर कॅमेरा एका कागदाप्रमाणे लागतो आणि कलाकार दुसऱ्या कागदाप्रमाणे उभे राहतात.